पहिलं पुस्तक सोपंच घ्या

ताई, तुम्ही दहावीनंतर थेट जाडजूड इंग्रजी कादंबरी घेतलीत आणि दहा पानांत थकलात, यात तुमचा दोष नाही. पुस्तक चुकलं. इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्यांसाठी मोजकेच शब्द वापरून लिहिलेली पुस्तकं मिळतात, त्यांना ग्रेडेड रीडर म्हणतात. ऑक्सफर्ड बुकवर्म्स या अशा पुस्तकांच्या मालिकेत स्टार्टर पातळी साधारण 250 मूळ शब्दांची, पहिली 400 ची, दुसरी 700 ची. सांगलीत नगर वाचनालयात विचारा. नसतील तर मुलांच्या कपाटातली छोटी इंग्रजी पुस्तकंही चालतील, फक्त त्यांत प्राण्यांची नि पऱ्यांची नावं जास्त भेटतात.

पातळी अशी ठरवा: मधलं कुठलंही पान उघडून शंभर शब्द मोजा. दोनच शब्द अडले तर पुस्तक तुमचं. पाच-सहा अडले, तर एक पातळी खाली या. इतके शब्द अडले की आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ लागत नाही आणि सगळा वेळ शब्दकोशात जातो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- प्रत्येक शब्दावर मराठी अर्थ लिहिणं. मग डोळे मराठीच वाचतात.
- एकच पुस्तक संपवून लगेच वरची पातळी घेणं. त्याच पातळीची चार-पाच तरी वाचा. एकदा दिसलेला शब्द विसरतो. वेगवेगळ्या गोष्टींत पुन्हा पुन्हा भेटला की राहतो.

अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्या, पुढे चला. प्रकरण संपल्यावर ज्यांना दोन-तीनदा टिंब पडलंय तेवढेच शब्दकोशात बघा. व्याकरणाचं पुस्तक तूर्त बाजूला असू द्या.