आधी वाचा, मग ऐका: चालीतल्या चार कविता

प्रश्न: आम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी घरी कवितावाचनाची संध्याकाळ करतोय. ज्यांची गाणी झाली आहेत अशाच कविता हव्यात, सोप्यापासून तरल-अवघडापर्यंत. कुठल्या घ्याव्यात?

उत्तर: चारच घ्या, पण प्रत्येकीला वेळ द्या. आमच्या गटात पहिल्या खेपेला आम्ही प्रत्येक कवितेचं गाणं आधी लावलं आणि मग वाचन केलं. सगळेच अर्धवट गुणगुणायला लागले, ओळीचं शेवटचं अक्षर गाण्यात ताणलंय तितकंच ताणायला लागले. तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी वाचन, मग थोडी चर्चा, मग गाणं.

सुरुवात बहिणाबाई चौधरींच्या ‘अरे संसार संसार’ने करा. ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर सुमन कल्याणपुरांनी गायल्यामुळे ती सगळ्यांच्या कानात आहे. वाचण्याआधी अक्षरं मोजा. ‘अरे संसार संसार’ आठ, ‘जसा तवा चुल्ह्यावर’ आठ, आणि पुढेही तसंच. ही जात्यावरच्या ओवीची जवळची बहीण, म्हणून हाताने मांडीवर संथ ठेका धरून वाचली की आपोआप बसते. एक सांभाळा, ‘चुल्ह्यावर’चं ‘चुलीवर’ करू नका. खानदेशी बोली काढली की अक्षरं जुळली तरी चव जाते.

दुसरी, बी कवींची ‘चाफा बोलेना’. वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज इतका गोड आहे की अनेकांना हे रुसलेल्या फुलाचं गाणं वाटतं. सुरुवातीला तसंच वाचा, कारण आंब्याचं वन, मैना, फुगड्या, झिम्मा हा सगळा खेळच आहे. मग एकाएकी ‘जन विषयाचे किडे’ ही ओळ येते. गाण्याच्या ओघात ती सहज निघून जाते, वाचताना मात्र खोली गप्प होते. तिथे आवाज चढवायचा नाही, फक्त गती कमी करायची. आणि शेवटी ‘कोण मी – चाफा? कोठे दोघे जण रे’. ‘मी’ नंतर एक श्वास थांबा, ‘चाफा?’ खरोखर विचारल्यासारखं म्हणा. समजावणारी आणि रुसलेला असे दोघे आता वेगळे उरलेलेच नाहीत, हे त्या श्वासात कळतं. आमच्याकडे एका मैत्रिणीने ही ओळ अशी वाचली, तेव्हा वर्षानुवर्षं हे गाणं ऐकणारा मित्र म्हणाला, “हे अद्वैत आहे, हे मला आज कळलं.”

तिसरी, आरती प्रभूंची ‘गेले द्यायचे राहून’, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. पुन्हा अक्षरं मोजा: ‘गेले द्यायचे राहून’ आठ, ‘तुझे नक्षत्रांचे देणे’ आठ. बहिणाबाईंचाच साचा! मला या दोन कविता एका बैठकीत ठेवायला फार आवडतं ते याच कारणासाठी. मात्र मांडीवरचा ठेका इथे धरू नका, ओवीसारखी वाचली तर खंत सपाट होते. ‘राहून’ पाशी किंचित रेंगाळा आणि बाकी ओळ बोलल्यासारखी जाऊ द्या.

शेवटी ग्रेस, ‘ती गेली तेव्हा रिमझिम’. ही चालही हृदयनाथांचीच. ही कविता प्रेयसीची समजून ऐकणारे मला खूप भेटले, आणि पहिल्या कडव्यावरून तसं वाटणं चूकही नाही: कोणीतरी गेलंय, पाऊस आहे, ढगात किरणं अडकलीत. ‘आई’ हा शब्द पुढे येतो. म्हणून वाचणाऱ्याने पहिल्या कडव्यात आवाजात रडू आणू नये. ‘ती’ कोण हे आपल्याला अजून माहीत नाही अशाच आवाजात वाचावं. ‘आई’ हा शब्दही बाकीच्या शब्दांइतकाच हळू, त्यावर जोर नको. हे जमायला वेळ लागतो. आदल्या दिवशी फोनवर आपला आवाज रेकॉर्ड करून ऐका. ‘होता’चा ‘ता’ चालीसारखा लांबलेला ऐकू आला तर अजून गाणंच म्हणताय. मग ओळी कागदावर गद्यासारख्या सलग लिहून काढा आणि दोन-तीनदा तशाच वाचा. लांबण निघून जाते, लय राहते.

याचं गाणं लगेच लावू नका. आम्ही दिवा मंद करून पाचेक मिनिटं तसेच बसतो, चहा येतो, मग लावतो.