सबटायटल व्हिडिओत पक्के करण्याआधी

तुमची क्लिप पाहिली. सदाशिव पेठेतल्या मिसळवाल्यांच्या ब्रँडचा मरून रंग तुम्ही सबटायटलच्या अक्षरांनाच दिलाय, म्हणून लाल तर्रीवर ती दिसेनाशी होतात. अक्षरं पांढरी ठेवा आणि मरून रंग किनारीला द्या. ब्रँडही राहतो आणि स्टीलच्या वाटीवरही वाचता येतं. १०८० बाय १९२० च्या फ्रेममध्ये अक्षर साधारण ६० पिक्सेल, किनार ४-५ पिक्सेल, इथून सुरुवात करा.

किनारीच्या सेटिंगमध्ये मात्र `Outer` निवडा, म्हणजे ती अक्षराच्या बाहेरच राहते. ती अक्षराच्या कडेवर मधोमध बसली तर निम्मी आत शिरते आणि 'क्ष', 'द्ध' यांची पोकळी बुजते. देवनागरीत आणखी एक अडचण येते: काही फॉन्टमध्ये शिरोरेषेच्या सांध्यावर उभे काप दिसतात, कारण तिथे दोन अक्षरांचे आकार एकमेकांवर चढलेले असतात. 'मिसळपाव' लिहून २०० टक्के झूम करून बघा. काप दिसले तर किनार काढून मागे मरून पट्टी द्या.

दोन ओळी असतील तर अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला टेकतो.

जागा: रील्सवर खाली नाव आणि मजकूर येतो, म्हणून खालचा किमान पाचवा भाग मोकळा सोडा.

ही स्टाइल एकेका सबटायटलला नको, पूर्ण ट्रॅकला लावा. आधी दहा सेकंदच एक्स्पोर्ट करून फोनवर, उन्हात बघा. एकदा पक्कं झालेलं अक्षर त्या फाइलमध्ये बदलता येत नाही, त्यामुळे सबटायटल नसलेली प्रत आणि प्रोजेक्ट जपून ठेवा.