जाहिरातीत नसलेली जागा मागायची कशी?

प्रश्न : नमस्कार. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी मंगळवारी मुलाखत दिली. जागा डिजिटल मार्केटिंगची होती आणि मुलाखत मालकांनीच घेतली. बोलता बोलता ते म्हणाले, "ग्राहक मिळतात हो, पण प्रत्येकाला सॉफ्टवेअर शिकवायला मलाच बसावं लागतं. एकेकामागे माझ्या दोन दुपारी जातात, आणि महिन्याला चार-पाच नवे येतात." मुलाखत चालू असतानाही त्यांना असे दोन फोन आले. मी दोन वर्षं क्लासमध्ये हिशेब शिकवते. क्लासच्या ऑफिसात फीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा तिथल्या सहा जणांना मीच शिकवलं. मार्केटिंगपेक्षा हे काम मला जास्त जमेल, पण अशी जागा त्यांनी काढलेलीच नाही. पत्र लिहिलं तर आगाऊपणा होईल का? आणि लिहायचं तर काय?

उत्तर : लिहा, आणि त्यांचा निर्णय व्हायच्या आत लिहा. मुलाखतीबद्दल आभाराचे दोन ओळींचे पत्र त्याच दिवशी गेले नसेल तर आज पाठवा. प्रस्तावाचे पत्र त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, वेगळे. दोन्ही एकत्र पाठवली की आभार हे निमित्त वाटते.

छोट्या कंपनीचे मालक मुलाखतीत पुष्कळ कुरकुर करतात आणि प्रत्येक कुरकुरीतून नोकरी निघत नाही. तुमच्या बाबतीत तीन गोष्टी जमून आल्या आहेत. ते काम मालक स्वतः करताहेत, ते दर महिन्याला पुन्हा येते, आणि पैसे भरून आलेला ग्राहक अडून बसला तर तो सोडूनही जाऊ शकतो. "आमची वेबसाइट जुनी झालीय" असे ते म्हणाले असते, तर मी तुम्हाला थांबायला सांगितले असते. ते दुखणे वर्षभर पुढे ढकलता येते. दुपारी वाजणारा फोन ढकलता येत नाही.

आगाऊपणा कुठे होतो, तर निदान करण्यात. "तुमच्याकडे ग्राहक-प्रशिक्षणाची व्यवस्था नाही" असे लिहिले की ज्याने कंपनी उभी केली त्याला ते आरोपासारखे लागते. "तुम्ही म्हणालात की दोन दुपारी जातात" हे त्यांचेच वाक्य आहे, त्यावर ते रागावणार नाहीत. मात्र एखाद्या ग्राहकाचे नाव किंवा पैशांची अडचण त्यांनी ओघात सांगितली असेल, तर ती पत्रात आणू नका. मेल ऑफिसात आणखी कोण वाचते हे तुम्हाला ठाऊक नाही.

दुसरी अडचण पैशांची. या जागेसाठी त्यांनी रक्कम बाजूला ठेवलेली नाही, आणि नवा माणूस म्हणजे पगार अधिक त्याला शिकवण्यात जाणारा स्वतःचा वेळ, असा हिशेब त्यांच्या डोक्यात लगेच सुरू होईल. म्हणून पहिल्याच पत्रात कायमची नवी जागा मागू नका. जाहिरातीतल्या जागेला जोडून हे काम, किंवा तीन महिन्यांचा करार, असे दोन रस्ते ठेवा. पगाराचा आकडा आणि भारदस्त पदनाम दोन्ही टाळा. पगाराचे बोलणे ते काम देण्याच्या तयारीत आले की आपोआप निघते.

मी तुमच्या जागी असते तर साधारण असे लिहिले असते :

> नमस्कार सर,
>
> मार्केटिंगच्या जागेसाठी माझा अर्ज आहेच. हे पत्र आणखी एका गोष्टीबद्दल आहे.
>
> तुम्ही म्हणालात की प्रत्येक नव्या ग्राहकाला सॉफ्टवेअर शिकवण्यात तुमच्या दोन दुपारी जातात आणि महिन्याला चार-पाच ग्राहक येतात. मी बरोबर ऐकलं असेल, तर महिन्याच्या आठ ते दहा दुपारी होतात. हे काम मी हळूहळू तुमच्याकडून घेऊ शकेन असं मला वाटतं.
>
> पहिला महिना तुम्ही शिकवत असताना मी शेजारी बसेन आणि ग्राहक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न लिहून काढेन. दुसऱ्या महिन्यात मी शिकवेन, तुम्ही शेवटचा अर्धा तास यावं. तिसऱ्या महिन्यापासून नेहमीचे ग्राहक मी सांभाळेन, अवघड तेवढेच तुमच्याकडे येतील. पहिल्या महिन्यात तुमचा वेळ वाचणार नाही, थोडा जास्तच जाईल, याची मला कल्पना आहे.
>
> दोन वर्षं मी क्लासमध्ये हिशेब शिकवते आहे. तिथे फीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ऑफिसातल्या सहा जणांना मीच शिकवलं.
>
> तुमचे ग्राहक नेमके कुठे अडतात हे मला अजून माहीत नाही. वीस मिनिटं बोलता आलं, तर हे काम मार्केटिंगला जोडून करता येईल की तीन महिन्यांच्या करारावर, ते ठरवता येईल. गुरुवारी की शुक्रवारी फोन करू?

यातले "थोडा जास्तच जाईल" हे वाक्य काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. मालकाच्या मनातली खरी शंका तीच असते, आणि तुम्ही ती आधीच मांडलीत की बाकीचा हिशेब त्यांना विश्वासाचा वाटतो. सहा जणांच्या ओळीत मात्र भर घाला. शिकवल्यावर त्यांना स्वतःहून काम जमायला किती दिवस लागले आणि सगळ्यात जास्त गोंधळ कशात झाला, हे आठवत असेल तर एका वाक्यात लिहा. आठवत नसेल तर आकडा रचू नका, पुढच्याच भेटीत ते त्याबद्दल विचारतील.

पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. पत्रासोबत प्रशिक्षणाचा पूर्ण आराखडा जोडायचा उत्साह येतो, तोही आवरा. कल्पना त्यांनी घेतली आणि काम दुसऱ्याच कुणाला दिले, असे होऊ शकते. ते पूर्णपणे टाळता येत नाही, पण पानभर पत्रात गेले तर फार काही जात नाही.

उत्तरावरून बरेच कळते. "केव्हापासून येऊ शकाल?" किंवा "परवा एक ग्राहक येतोय, बसता का बघायला?" असे आले तर गोष्ट पुढे सरकली. एखादी दुपार बघायला जरूर जा, पण त्यांच्या ग्राहकाला शिकवायला फुकट बसू नका. त्याचे पैसे ठरवून घ्या, एका ग्राहकापुरते का असेना. "सविस्तर प्लॅन पाठवा" असे आले तर "तुमच्या ग्राहकांच्या अडचणी समजल्याशिवाय प्लॅन अंदाजाचा होईल, भेटून करूया" असे कळवा. आठवडाभर काहीच आले नाही तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

बहुधा ते म्हणतील, "दोन्ही करा." छोट्या कंपनीत हेच होते आणि त्यात वाईट काही नाही, फक्त एक गोष्ट लेखी घ्या. आठवड्यातले किती दिवस मार्केटिंगचे आणि किती शिकवण्याचे, आणि तीन महिन्यांनी तुमचे काम कशावर जोखणार. हे ठरले नाही तर मार्केटिंगच्या आकड्यांवरून बोलणी बसतील आणि दिवसभर फोनही तुम्हीच घेत असाल.