‘लवकरात लवकर’ म्हणजे नक्की कधी?

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये ‘लवकरात लवकर पाठवा’ असं लिहिते, तरी लोक पाठवत नाहीत. थेट तारीख आणि वेळ टाकली तर उर्मट वाटेल का? नेमकं कसं लिहावं?

मी सांगलीत एका कर सल्लागारांकडे काम करतो. आमचं अर्धं आयुष्य लोकांकडे बिलं मागण्यात जातं, त्यामुळे या दुखण्यावरचं औषध मला ठोकर खाऊनच सापडलंय.

दर महिन्याला विक्रीची माहिती, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावी लागते. आमचा मेल ठरलेला असायचा: ‘कृपया विक्रीची बिले लवकरात लवकर पाठवावीत.’ एका इलेक्ट्रिकल दुकानदाराने १० तारखेला रात्री पावणेदहाला शंभरेक बिलांचे फोटो पाठवले. मी वैतागून फोन केला, तर म्हणतात, “अहो, तुम्ही लवकर म्हणालात म्हणून तर शटर ओढल्या ओढल्या बसलो!” खोटं नव्हतं ते. ११ च्या आधी दिलं म्हणजे त्यांच्या लेखी लवकरच. घाईत एक बिल आमच्याकडून सुटलं. ते होतं एका ठेकेदाराच्या नावावर. १४ तारखेला ठेकेदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, ते दिसेना, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट त्याला त्या महिन्यात मिळेना, म्हणून त्याने दुकानदाराचे कराएवढे पैसे अडकवून ठेवले. पुढच्या महिन्यात बिल दाखवलं तेव्हा सुटले.

त्यानंतर मी उलटीकडून मोजायला लागलो. ११ ला भरायचं, पण शेवटच्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते, म्हणून १० ला भरून मोकळं व्हायचं. त्याआधी एक दिवस दुकानदाराने आकडे बघून ‘ठीक आहे’ म्हणायला. शंभर बिलांची नोंद आणि चुकलेले जीएसटी क्रमांक विचारून घेणं, यात दोन दिवस जातात. मध्ये रविवार येऊ शकतो. म्हणजे बिलं मला ६ लाच हवीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ६ ला गुरुवार होता, तेव्हा गेलेला मेल असा:

‘विषय: ऑक्टोबरची विक्री बिले – गुरुवार, ६ नोव्हेंबर, दुपारी ४ पर्यंत

नमस्कार, ऑक्टोबरची सर्व विक्री बिले आणि क्रेडिट नोटा गुरुवार, ६ नोव्हेंबरला दुपारी ४ पर्यंत पाठवाल का? शनिवारी संध्याकाळी तुम्हाला आकडे तपासायला पाठवतो, सोमवारी १० ला रिटर्न भरतो. त्यानंतर आलेली बिले पुढच्या महिन्यात दाखवावी लागतील आणि गिऱ्हाइकाची करवजावट महिनाभर लांबेल. ६ तारीख जमत नसेल तर मंगळवार, ४ नोव्हेंबरपर्यंत कळवा, कोणत्या दिवशी जमेल ते.’

यात उर्मट काय आहे? खरं तर ‘लवकरात लवकर’ हेच जास्त टोचतं, कारण त्यात ‘तुमची बाकीची कामं सोडा’ असा सूर असतो. तारीख दिली की समोरच्याला आपलं काम लावता येतं. साहेबांना लिहायचं असेल तर कारण आधी आणि तारीख नंतर ठेवा: ‘१० ला रिटर्न भरायचं आहे, त्यासाठी ८ ला दुपारी १ पर्यंत आपली मंजुरी मिळू शकेल का?’

कारण वगळू नका, हे मात्र मी बजावून सांगतो. सुरुवातीला मी नुसतं ‘६ पर्यंत’ लिहायचो. सगळ्या व्यापाऱ्यांना ११ तारीख पाठ असते, त्यामुळे ‘हा पाच दिवस हातचे राखून मागतोय’ हे ते लगेच ओळखायचे, आणि माझ्या पुढच्या खऱ्या तारखेवरही विश्वास ठेवायचे नाहीत. मधल्या दिवसांत काय करणार ते लिहिल्यावरच ६ तारखेला वजन आलं.

तारखेतही खाचखळगे असतात. ‘सोमवारपर्यंत’ म्हणजे सोमवार धरून की सोडून? ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे या आठवड्यातला की त्यानंतरचा? म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि कॅलेंडर उघडून जुळवून घ्या, कारण दोन्ही जुळले नाहीत तर फोन वाजणारच. ‘६ ला रात्री १२’ तर नकोच. निम्मे लोक ती पाचची मध्यरात्र धरतात, निम्मे सहाची. आमचे एक पक्षकार दुबईत असतात, त्यांचं घड्याळ दीड तास मागे. त्यांना मी ‘भारतीय वेळ दुपारी ४, तुमचे अडीच’ असं लिहितो.

आणि हो, तुम्हाला खरंच घाई नसेल तर तारीख बनवू नका. ‘घाई नाही, पण महिनाअखेर, ३० तारखेपर्यंत मिळालं तर बरं’ असं सरळ लिहा.

दुकानदार आता ६ ला पाठवतात का? तीनदा पाठवले, एकदा ७ ला सकाळी आले. पण त्या वेळी ५ तारखेलाच मेल होता: ‘उद्या जमत नाही, शुक्रवारी ७ ला सकाळी ११ वाजता देतो.’