वारस नोंद म्हणून बहिणींच्या सह्या घ्यायच्या?

"ताई, वडील जाऊन आठ महिने झाले. मृत्युपत्र केलेलं नाही. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. आई माझ्याकडेच असते. आजोबांपासूनची पाच एकर जमीन आणि राहतं घर, सगळं वडिलांच्या नावावर. दादा नोकरीसाठी बाहेर. गेली अठरा वर्षं शेती मी करतो. विहीर मी कर्ज काढून खोदली, चार लाख गेले. वडिलांच्या नावावर सोसायटीचं दीड लाख कर्ज आहे. दादा म्हणतो, वारस नोंदीसाठी सह्या हव्यात असं सांगून बहिणींना बोलवू आणि हक्कसोड करून घेऊ. त्यांची लग्नं चांगली करून दिली, धाकटी तर मागे म्हणालीच होती, मला काही नको. राबलो मी, मग वाटे सारखे का? पण बहिणींशी खोटं बोलायचं म्हटलं की झोप लागत नाही. काय करू?"

दादांनी दोन वेगळे कागद एकत्र बांधले आहेत. आधी ते सोडवू.

वारस नोंद म्हणजे मयताच्या जागी सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवणं. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. खरं तर हे तीन महिन्यांत कळवायचं असतं, त्यामुळे आता आणखी थांबू नका. फेरफार धरला जातो, सगळ्यांना नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नावं सामाईक लागतात. यात कुणाला काही मिळत नाही आणि कुणाचं काही जातही नाही, कारण हक्क वडील गेले त्याच क्षणी आलेला असतो; सातबारा त्याची फक्त दखल घेतो. प्रतिज्ञापत्रात मात्र आई, दोघे भाऊ आणि दोघी बहिणी अशी पाचही नावं आलीच पाहिजेत. शपथेवर बहीण गाळणं हा गुन्हा आहे, आणि गाळल्याने तिचा हक्कही संपत नाही.

हक्कसोडपत्र ही अगदी वेगळी गोष्ट. बहीण आपला हिस्सा कायमचा सोडून देते, तेही दुय्यम निबंधकासमोर, अंगठा आणि फोटो देऊन. नोंदणी झाली की "माझं मन बदललं" म्हणून ते मागे घेता येत नाही. धाकटी "मला काही नको" म्हणाली, ते तिचं प्रेम आहे. कायद्यात त्या वाक्याने गुंठाभरही इकडचं तिकडे होत नाही. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरीचा शिक्का मारला तरी होत नाही.

आणि नोंदणीकृत हक्कसोड "वारस नोंदीचा कागद आहे" असं सांगून घेतलं, तर ती फसवणूक ठरते. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत बहीण ते रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात जाऊ शकते. कधी कळेल? पीकविमा, एखादं अनुदान, भाच्याला लागणारा दाखला, कुठल्याशा निमित्ताने ती सातबारा काढेल आणि त्यावर तिचं नाव नसेल. अशी न वाचता सही केलेली बहीण मी स्वतः आहे. मला सहा वर्षांनी कळलं. जमिनीचं दुःख फार झालं नाही. मला विचारलं असतं तर मी आनंदाने सोडली असती, आणि विचारलंच नाही, हे अजून सलतं. तुमची झोप उडाली आहे ती यामुळेच, आणि बरं झालं उडाली.

आता वाट्यांचं. घरोघरी भांडण सुरू होतं ते "वडिलोपार्जित की वडिलांची स्वतःची" इथून. तुमच्या घरात तो वाद घालायची गरजच नाही, कारण दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. कशा, ते गुंठ्यांत पाहा. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. जमीन वडिलांची स्वतःची धरली, तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पत्नी आणि मुलं-मुली समान वारस: पाच जण, प्रत्येकी चाळीस गुंठे. वडिलोपार्जित धरली, तर वडील जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली अशी कल्पना करायची. आपल्याकडे बाप-लेकांच्या वाटणीत आईलाही वाटा असतो, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार आहे. म्हणजे वडील, आई आणि चार मुलं असे सहा वाटे, प्रत्येकी तेहतीस गुंठ्यांच्या थोडं वर. मग वडिलांचा तो वाटा उरलेल्या पाच जणांत वाटायचा, प्रत्येकाला आणखी पावणेसातच्या आसपास. बेरीज पुन्हा चाळीस गुंठे. एक एकर. भावंडांपैकी कुणी आधी वारलेलं असतं किंवा पूर्वी नोंदणीकृत वाटणी झालेली असती तर हिशेब बदलला असता. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

लग्नाचा खर्च या हिशेबात कुठेच बसत नाही. दादांच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्या वाट्यातून कुणी वजा करत नाही, तसाच हाही.

तुमच्या अठरा वर्षांचं काय? खरं सांगते, आईवडिलांना सांभाळलं म्हणून कायदा एक गुंठाही जास्त देत नाही. तुम्हाला हे लागेल हे मला माहीत आहे. पण तुम्ही जमिनीत जे घातलं ते वाया जात नाही, फक्त ते बहिणींच्या हिश्शातून काढायचं नसतं, वेगळं मांडायचं असतं. सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराने स्वतःच्या पैशाने सुधारणा केली असेल, तर न्यायालयसुद्धा शक्य तिथे तो सुधारलेला भाग त्याच्याच वाट्याला देतं. घरातल्या वाटणीला हाच नियम लावा. पाचही एकर विहीर नसती तर जसे असते तसे, म्हणजे सगळे जिरायत धरून मोल काढा आणि समान वाटा. विहिरीचा तुकडा तुमच्याकडे ठेवा. पाण्यामुळे त्याची जी किंमत वाढली ती तुमची, आणि विहिरीचं उरलेलं कर्जही तुमचं. विहीर बांधल्याची बिलं, कर्जखात्याचा उतारा, मोटार-पाइपच्या पावत्या आजच एका फाइलीत लावा. पावती नसलेला खर्च वाटणीच्या दिवशी कुणालाच पटत नाही.

वडिलांचं कर्ज मात्र पाचांचं आहे, प्रत्येकी तीस हजार. ते आधी फेडा म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा उतरेल. बोजा राहिला तर वाटणीनंतर तो प्रत्येकाच्या तुकड्यावर चढतो आणि एकाच्या थकबाकीने सगळे अडकतात. वडील गेल्यानंतर निघालेल्या पिकाचा हिशेबही लिहून ठेवा. उत्पन्न किती, खर्च किती. सहहिस्सेदार तो मागू शकतात, आणि न मागता तुम्ही पुढे ठेवलात तर पुढची अर्धी बोलणी सोपी होतील.

प्रत्यक्ष तुकडे पाडताना कागदावरचा एक एकर आणि शेतातला एक एकर यांत फरक असतो. बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ही प्रमाणभूत क्षेत्राची मर्यादा आहे, त्यामुळे एक एकराचे तुकडे पडू शकतात. पण पाच उभ्या पट्ट्या पाडल्या तर ना नांगर वळेल ना गाडी आत जाईल. तुमच्या जागी मी तुमचा आणि आईचा एकर शेजारी शेजारी, पण वेगळा, विहिरीकडे घेईन, बहिणींचे दोन एकर शेजारी शेजारी रस्त्याकडे, उरलेला दादांना. ज्याला रस्ता नाही त्याला किती फुटी वाट, कुणाच्या बांधावरून, हे वाटणीपत्रात लिहा. विहिरीचं पाणी दुसऱ्या वाट्याला द्यायचं असेल तर पाळी कोणत्या वारांची, वीजबिल आणि दुरुस्ती कोण किती भरेल, तेही लिहा. वाट आणि पाळी लिहायची राहून गेली म्हणून कोर्टात गेलेली भावंडं मी जमिनीच्या आकड्यावरून गेलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

सगळे राजी असतील तर शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटपाचा अर्ज करता येतो. घराला ते कलम लागत नाही, त्यामुळे घर धरून सगळ्याचं एकच नोंदणीकृत वाटणीपत्र केलेलं मला जास्त सुटसुटीत वाटतं. त्यानंतर भूमी अभिलेखची मोजणी, हद्दीच्या खुणा, आणि मग वेगळे सातबारे. एकजण जरी अडून बसला तरी वाटपाचा दिवाणी दावा उरतो. तो वर्षानुवर्षं चालतो, आणि तोवर बँका अशा जमिनीवर कर्ज द्यायला कचरतात.

बहिणींना जमीन नकोच असेल तर? तेही होऊ शकतं. एखादीने हिस्सा विकायचं ठरवलं तर तो आधी विकत घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने तुम्हा इतर वारसांना दिला आहे. किंवा ती तुमच्या नावे हक्कसोड करून देईल. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात खरा लिहा आणि मुद्रांक शुल्क आधी विचारून घ्या. फक्त पायरी चुकवू नका: आधी वारस नोंद, मग पाचांची बैठक, मग मसुदा. मसुदा बहिणींच्या हातात द्या आणि पंधरा दिवस त्यांच्या घरी राहू द्या. त्या वाचतील, नवऱ्याला दाखवतील, वकिलाला विचारतील. विचारू द्यात. एवढं करून धाकटी पुन्हा म्हणाली, "मला काही नको," तर तो कागद कुणी हलवू शकणार नाही. तुमचे कष्टही त्याच बैठकीत, त्यांच्या तोंडावर सांगा: मला विहिरीकडची बाजू हवी, आणि आईला सांभाळतो म्हणून राहतं घर माझ्याकडे यावं असं मला वाटतं, बदल्यात मी एवढी रक्कम द्यायला तयार आहे. मागण्यात कमीपणा काही नाही.

दादांशी आधी एकटे बोला, बहिणींच्या देखत नको. रागाने न बोलता एवढंच सांगा की वारस नोंदीच्या कागदाखाली दुसरा कागद ठेवलेला मला चालणार नाही आणि मी त्यावर सही करणार नाही. तुमच्या सहीशिवाय त्यांचा बेत पुढे सरकणं कठीण आहे.

एक नाव तुमच्या वाट्याच्या विचारात कुठेच नाही. आईचं. तिचा एकर तिचा आहे. "तिला काय करायचंय" म्हणून तो तुमच्यात मिसळू नका, सातबारा तिच्या नावाने वेगळा होऊ द्या. त्या एकराचं मृत्युपत्र ती करू शकते. ज्याने सांभाळलं त्याला द्यावंसं तिला वाटलं, तर कायद्याने न मोजलेल्या तुमच्या अठरा वर्षांची दखल तिथे घेतली जाईल. पण ते तिने ठरवायचं, तुम्ही सुचवायचं नाही. तिला वकिलाकडे नेताना शक्य असेल तर मोठ्या बहिणीला सोबत पाठवा, आणि तुम्ही बाहेर थांबा.