पाणीसुद्धा अडकतं का?

धंतोली, नागपूर

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेला पेशंट डोक्यातून जात नाही. घास छातीत अडकतो, दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणून तू अ‍ॅसिडिटीची गोळी दुप्पट केलीस आणि महिन्याने बोलावलंस. रागवायला लिहीत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे, आणि तेव्हा माझी प्रॅक्टिस पंचवीस वर्षांची होती.

काटोलकडचा संत्र्याचा बागायतदार, वय अडतीस. तक्रार काय, तर छातीत जळजळ आणि जेवताना अडकल्यासारखं. दुसरीकडे केलेल्या एंडोस्कोपीचा कागद सोबत होता, त्यावर लिहिलं होतं ‘नॉर्मल’. मी गोळी दिली, रात्री लवकर जेवा म्हणालो, उशी उंच घ्यायला सांगितली. तो तीनदा आला. दरवेळी मी गोळी बदलली, बाकी काही बदललं नाही. आठ महिने असेच गेले.

चौथ्या वेळी त्याची बायको सोबत आली. मी त्याला विचारत होतो आणि उत्तरं ती देत होती. ‘साहेब, हे जेवताना उभे राहतात. दोन घास झाले की लोटाभर पाणी पितात, पाठ ताणतात, मंग ते खाली जाते. लग्नाच्या पंगतीत बसत नाहीत आता, लाज वाटते म्हणतात. अन् सकाळी उशीवर रात्रीचं वरण दिसते.’ मी त्याच्याकडे वळून विचारलं, ‘पाणीसुद्धा अडकतं का?’ तो म्हणाला, ‘हो ना. थंड पाणी तर जास्तच. चहाही थांबून राह्यते कधी कधी.’

हा प्रश्न मी आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. त्या एका उत्तराने अर्धं निदान होतं.

का, ते सांगतो. अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटीमीटरची, स्नायूंची नळी. ती आतून अरुंद झाली असेल तर आधी जाड, कोरडा घास अडकतो. ज्वारीची भाकरी, मटणाचा तुकडा, तर्री न घातलेले पोहे. वरण-भात जातो, पाणी तर सहज जातं. पोकळी तेरा मिलिमीटरच्या खाली आली की घट्ट अन्न बहुतेकांना त्रास देतं. पाणी अडायला नळी जवळपास बंदच व्हावी लागते. पण पहिल्या दिवसापासून भाकरी आणि पाणी दोन्ही अडत असतील, तर अडचण बहुधा वाटेच्या रुंदीत नसून ती चालवणाऱ्या स्नायूंत असते. खाली ढकलणाऱ्या लाटा उठत नाहीत, किंवा जठराच्या तोंडाशी असलेली झडप वेळेवर सैल पडत नाही.

काटोलच्या पेशंटमध्ये दोन्ही होतं. या आजाराला अकॅलेशिया म्हणतात. झडपेला ‘आता सैल हो’ असा निरोप देणाऱ्या मज्जापेशी अन्ननलिकेच्या भिंतीतून हळूहळू नाहीशा होतात. झडप आवळलेलीच राहते, अन्न वर साचतं. त्याचं उभं राहणं, पाणी ओतणं, पाठ ताणणं हे सगळं वरच्या पाण्याच्या वजनाने झडप उघडायची धडपड होती. आणि जळजळ? फार वेळ साचलेलं अन्न आत आंबतं, त्यानेही जळजळते. ती जठरातून वर आलेल्या आम्लाची नव्हती, म्हणून माझ्या गोळ्या वाया गेल्या. उशीवरचं वरण आंबट नव्हतं, जेवलेल्या चवीचंच होतं. ते जठरापर्यंत पोचलंच नव्हतं, मग आंबट कशाने लागेल?

आता तुझ्या ‘नॉर्मल’ रिपोर्टकडे येऊ. सुरुवातीच्या अकॅलेशियात दुर्बीण झडपेवर जराशी अडते आणि हलक्या दाबाने आत जाते. स्नायूची आवळण आहे ती, व्रण नाही की गाठ नाही, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. दुर्बीण करणाऱ्याला तू फक्त ‘अ‍ॅसिडिटी’ लिहून पाठवलंस तर तो जठराकडे नीट बघेल आणि त्या जराशा अडण्याची नोंदही करणार नाही. चिठ्ठीवर ‘अन्न आणि पाणी दोन्ही अडकतं’ असं लिही. संशय असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांग, नाहीतर साचलेलं अन्न झोपलेल्या पेशंटच्या फुप्फुसात जायची भीती असते. बायॉप्सीही मागून घे. आतलं अस्तर वरवर बरं दिसत असूनही त्यात अ‍ॅलर्जीशी संबंधित इओसिनोफिल पेशी भरलेल्या असू शकतात, आणि तरुण माणसाला भाकरी अडकण्याचं तेही एक कारण आहे.

काटोलच्या पेशंटला आम्ही बेरियम दिलं, एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव. उभं राहून पाजायचं आणि एक, दोन आणि पाच मिनिटांनी फोटो काढायचे. निरोगी माणसात पाच मिनिटांनी नळी रिकामी असते. याच्यात अकरा सेंटीमीटरचा पांढरा स्तंभ तसाच उभा होता आणि खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं झालेलं. फोटो बघून तो म्हणाला, ‘म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो.’ मला काही बोलता आलं नाही.

मग मॅनोमेट्री. नाकातून दाब मोजणारी बारीक नळी घालतात आणि आडवं झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट गिळायला लावतात. गिळल्यावर झडपेचा दाब किती उतरतो ते त्यात कळतं. सध्या सर्रास वापरात असलेल्या यंत्रावर हा उरलेला दाब साधारण पंधरा मिलिमीटर पाऱ्यापर्यंत नॉर्मल धरतात. त्याचा एकतीस होता. लाट एकही नव्हती, पण गिळलं की सगळ्या नळीत एकदम दाब चढत होता. हा अकॅलेशियाचा दुसरा प्रकार, आणि उपचाराला सगळ्यांत चांगला प्रतिसाद देणारा.

उपाय तीन, आणि तिन्हींचा हेतू एकच, झडप सैल करणं. तीस मिलिमीटरच्या फुग्याने ती ताणता येते, पुढे गरज पडली तर पस्तीसचा फुगा. पण शंभरात दोनेक जणांना नळी फाटायचा धोका असतो आणि काहींना परत ताणावं लागतं. शस्त्रक्रियेने स्नायू कापता येतो. किंवा दुर्बिणीतूनच अस्तराखाली बोगदा करून तो आतून कापता येतो, त्याला पोएम म्हणतात. जपानमध्ये 2008 साली ते माणसावर पहिल्यांदा झालं. याला बागेची कामं सोडून पुनःपुन्हा नागपूरला यायचं नव्हतं, म्हणून त्याने पोएम निवडलं. मी त्याला दोन गोष्टी आधीच सांगितल्या. गेलेल्या लाटा परत येणार नाहीत, घास पुढेही स्वतःच्या वजनानेच उतरेल, तेव्हा ताठ बसून सावकाश जेवायचं. आणि झडप सैल झाली की आम्ल वर येणारच.

तसंच झालं. तीन महिन्यांनी पाच मिनिटांच्या फोटोत स्तंभ दोन सेंटीमीटरवर आला होता, वजन सहा किलोंनी वाढलं होतं, आणि त्याला जळजळ होत होती, या वेळी खरोखरच्या आम्लाची. आठ महिने जिने काही केलं नाही तीच गोळी आता लागू पडली.

याच्या अगदी उलट एक निवृत्त गुरुजी. पंधरा वर्षं छातीत जळजळ, मेडिकल दुकानातून आणलेल्या पातळ औषधाच्या बाटल्या. मग वर्षभर जळजळ कमी झाली म्हणून खूश, पण भाकरी अडकायला लागली, पुढे पोळीही. पाणी मात्र कधीच नाही. आम्लाने भाजून झालेला व्रण भरताना वण आखडतो आणि नळी आवळतो. आवळलेली जागा आम्लालाही वर येऊ देत नाही, म्हणून जळजळ कमी. गुरुजींना वाटलं, आजार बरा झाला. वाट नऊ मिलिमीटर उरली होती. आधी बायॉप्सी घेतली, कारण अशा वणाच्या वेषात कॅन्सर लपू शकतो. मग एका बैठकीत दहा, अकरा, बारा एवढंच ताणलं. एका दिवसात सगळं उरकायला गेलं की नळी फाटते. गोळी रोजची सुरू ठेवली, ती बंद केली असती तर वण परत आखडला असता.

म्हणजे ‘अ‍ॅसिडिटी’ दोघांच्याही कागदावर होती, पण एकाच्या अंगात आजार उलटा होता. गोळी कोणाला द्यायची हे पाण्याच्या उत्तरावर ठरतं.

मात्र एका पेशंटला गोळी देऊन वाट बघायची नाही. वय पन्नाशीच्या पुढे, दोन-तीन महिन्यांत भाकरीवरून मऊ भातावर आणि भातावरून पेजेवर आलेला, पँट ढिली झालेली, खिशात तंबाखूच्या खर्र्याची पुडी. त्याची दुर्बीण त्याच आठवड्यात झाली पाहिजे. असाच झपाट्याने उतरलेला पेशंट बेरियमवर अकॅलेशियासारखा दिसला तरी थांबू नकोस, सीटी कर. झडपेजवळची गाठ हुबेहूब तसंच चित्र काढते.

आणि कोणी मटणाचा तुकडा अडकून आला आणि थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, तर केळं किंवा भाताचा गोळा गिळायला लावू नकोस. घरचे ते करून आलेलेच असतात. त्याला लगेच दुर्बिणीकडे पाठव, सहा तासांच्या आत ती व्हावी.

कुठे अडतं हे विचारलं की पेशंट बोट ठेवतो, त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नकोस. छातीच्या खाली ठेवलं तर बहुधा बरोबर असतं, गळ्यावर ठेवलं तर अडचण पार खालीही असू शकते. गिळतानाच ठसका लागत असेल किंवा पाणी नाकातून येत असेल तर ते प्रकरण घशाचं आणि मेंदूचं, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

माझ्या टेबलावर आता पाण्याचा ग्लास आणि मारी बिस्किटाचा पुडा असतो. पेशंटला आधी एक घोट घ्यायला सांगतो, तो बरा गेला तर बिस्किटाचा छोटा तुकडा. मग गप्प बसून बघतो. कोणी सरळ गिळतो, कोणी डोळे मिटून थांबतो, कोणी नकळत खुर्चीतून उठतो.

तुझ्या पेशंटला महिनाभर थांबवू नकोस, उद्याच फोन कर. येताना सोबत घरचं माणूस आणायला सांग.

तुझा,
सर