निहालीतले आकडे आणि उडप्याच्या हॉटेलातला कागद

"बुलढाण्याकडच्या निहाली भाषेतले दोन, तीन, चार हे आकडे तमिळसारखे आहेत असं वाचलं. मग तिला 'एकाकी भाषा', म्हणजे कुठल्याच कुळात न बसणारी, का म्हणतात? सारखे शब्द दाखवले की नातं सिद्ध होत नाही का?"

नाही होत. मला हे स्वतःच्या फजितीतून कळलं.

भाषाशास्त्र शिकत असताना मी मराठी आणि तमिळ यांच्यातल्या सारख्या शब्दांची एक वही भरवली होती. शंभराच्या वर जोड्या झाल्या होत्या आणि आपण मोठा शोध लावला आहे अशी माझी खात्री होती. सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "आधी यातली उधारी बाजूला काढ." अण्णा, अक्का, अप्पा गेले, कारण ते मराठीनं शेजारच्या कन्नडकडून घेतलेले. संस्कृतातून दोन्हीकडे गेलेले शब्द गेले. उरले वीसेक. मग ते म्हणाले, "आता एवढीच मेहनत मराठी आणि तुर्की घेऊन कर."

केली. हवा, दुनिया, किताब हे शब्द दोन्हीकडे आहेत, पण ते अरबी, म्हणून वगळले. तरीही तुर्कीत काळ्याला 'करा', कोरड्याला 'कुरू' आणि छपराला 'चाती' म्हणतात. करा–काळा, कुरू–कोरडा, चाती–छत! आठवडाभरात पंधरा जोड्या जमल्या. मराठी-तुर्की नातं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही आणि तो मान माझ्या वहीला मिळेल असंही वाटेना. वही बंद केली.

यातली मेख अशी की प्रत्येक भाषेत हजारो शब्द असतात, पण तोंडातून निघणारे आवाज मोजके. 'साधारण सारखं' आणि 'अर्थही साधारण जवळचा' एवढी सैल अट ठेवली तर कुठल्याही दोन भाषांत जोड्या निघणारच. याचं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम भाषेचं. तिच्यात कुत्र्याला 'डॉग' म्हणतात, आणि ते इंग्रजीकडून घेतलेलं नाही. शेजारच्या यिदिन भाषेतला शब्द 'गुडागा'. तशाच जुन्या रूपाची पुढची-मागची अक्षरं झिजत झिजत म्बाबराममध्ये 'डॉग' उरलं. निव्वळ योगायोग. उलट आपलं 'चाक' आणि इंग्रजीतलं 'व्हील' खरोखर एकाच शब्दाची लेकरं आहेत, आणि ऐकून कुणाला पटणार नाही.

मग नातं ओळखायचं कशावरून? सारखेपणावरून नाही, फरकावरून. फरक ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीनं, पुन्हा पुन्हा आला पाहिजे. हे ठाण्यात बसून तपासता येतं. नौपाड्यात मी जिथे कॉफी प्यायला जातो त्या हॉटेलात गल्ल्यावरचे अण्णा तुळू बोलतात, आत डोसे घालणारा हुबळीकडचा आहे, आणि आमच्या शेजारच्या मामी तमिळ. मामींना घरी विचारून घेतलं, बाकीच्या दोघांना हॉटेलात, आणि बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलं. क्रम तमिळ, तुळू, कन्नड असा:

दूध: पाल्, पेर्, हालु
वाघ: पुलि, पिलि, हुलि
फूल: पू, पू, हू
दहा: पत्तु, पत्त्, हत्तु

तमिळ आणि तुळूत जिथे 'प', तिथे कन्नडमध्ये 'ह'. एकदा नाही, चारही वेळा, आणि शब्द कसले तर दूध, फूल असले रोजच्या तोंडातले, जे सहसा कुणी कुणाकडून उसने घेत नाही. गावांच्या नावांतले 'पळ्ळि' आणि 'हळ्ळि' आठवा, पाचवी जोडी मिळाली. जुन्या कन्नड शिलालेखांत तर 'ह'च्या जागी 'प'च सापडतो, म्हणजे बदल कुठून कुठे झाला हेही कळतं. कन्नड माणूस पुस्तकाला मात्र 'हुस्तक' म्हणत नाही, कारण तो संस्कृतातून उसना आणलेला शब्द आहे. नियम कुठे लागतो आणि कुठे लागत नाही यावरून घरचं कुठलं आणि पाहुणं कुठलं हे वेगळं काढता येतं.

'पेर्' मधल्या 'र'नं मी जरा अडखळलो. मग अण्णांना पाय विचारला. ते 'कार्' म्हणाले, तमिळमध्ये 'काल्'. म्हणजे तमिळ शब्दाच्या शेवटचा 'ल्' तुळूत 'र्' झालेला दिसतो, आणि जे बेसूर वाटलं होतं तेही रांगेतच निघालं. (स्वराची भानगड वेगळी आहे, तिच्यात इथे शिरत नाही.) दात विचारला तेव्हा मात्र तमिळ 'पल्', कन्नड 'हल्लु' आणि अण्णा म्हणाले 'कूळि'. रांग मोडली. असं होतंच, एखादी भाषा जुना शब्द टाकून नवा उचलते. एका गाळलेल्या दातानं नातं तुटत नाही, आणि एका जुळलेल्या दातानं जुळतही नाही.

आता तुमच्या निहालीकडे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, जामोद आणि आसपासच्या गावांत ती बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. शेजारी कोरकू, जी मुंडा कुळातली, आणि सगळीकडे मराठी-हिंदी. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०६च्या खंडात स्टेन कोनोव यांनी तिला मुंडा भाषांतच घातलं होतं, वर द्रविड आणि आर्य भाषांचे थर चढलेत असं म्हणून. नंतर डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली हे थर एकेक करून उचकटले. कोरकूकडून आलेले शब्द काढले, मराठी-हिंदीचे काढले, द्रविड काढले, आणि तळाशी जवळपास पाव भाग शब्द असे उरले की ज्यांना कुठेच जोडीदार नाही. पाण्याला निहालीत 'जोप्पो' म्हणतात. कोरकूत 'दा', तमिळमध्ये 'नीर', आपल्याकडे पाणी. जुळवा बघू.

आणि तुमचे आकडे: 'इरार' दोन, 'मोथो' तीन, 'नालो' चार. तमिळचे 'इरंडु, मूण्रु, नालु' बघता ते द्रविड आहेत हे कबूल. पण एकाला 'बिडुम' म्हणतात, ते यात बसत नाही, आणि पाच आपल्यासारखे. आकडे हा बाजारातला माल आहे, ते सहज हात बदलतात. जपानी माणूस रोज 'इचि, नि, सान' मोजतो ते चिनीतून घेतलेले आहेत, म्हणून जपानी चिनीच्या कुळातली ठरत नाही.

याच्या शेजारी बलुचिस्तानातली ब्राहुई ठेवली की सगळं लख्ख होतं. ब्राहुईचेही आकडे फक्त तीनपर्यंत द्रविड आहेत ('असिट, इरट, मुसिट'), चारपासून इराणी वळणाचे. शब्दकोश बघाल तर बलुची, फारसी आणि अरबीनं भरलेला, द्रविड शब्द अगदी थोडे. निहालीइतकीच भेसळ म्हणा ना. तरी ब्राहुई द्रविड आहे याबद्दल कुणाला शंका नाही. कारण ते थोडे शब्द रांगेत उभे राहतात. कन्नडमध्ये डोळा 'कण्णु', दगड 'कल्लु', कान 'किवि'. ब्राहुईत 'खन', 'खल', 'खफ', हा 'ख' घशातून घासत काढायचा. शब्दाच्या सुरुवातीला 'क'च्या जागी घशातला 'ख', तिन्ही वेळा. 'तू' ला ब्राहुईत 'नी', तमिळमध्येही 'नी'. शिवाय क्रियापदाचं नकारार्थी रूप प्रत्यय लावून क्रियापदाच्या आतच बनवायची जुनी द्रविड पद्धत तिच्यात आहे. शब्द उसने मिळतात, अशी व्याकरणाची आतली वीण सहसा उसनी मिळत नाही. एमेनो यांचं ब्राहुई आणि द्रविड व्याकरणाची तुलना करणारं पुस्तकही १९६२चंच. एकाच वर्षी एका भाषेला घर पक्कं झालं आणि दुसरीची घरं एकेक करून रद्द झाली.

निहालीच्या उरलेल्या शब्दांना अशी रांग लावायला समोर दुसरी भाषाच नाही. जपानच्या ऐनू भाषेशी तिचं नातं जोडणारा लेखही छापून आला आहे, पण तो सुट्या जोड्यांवर उभा आहे, म्हणजे माझ्या तुर्की वहीचाच थोडा शिकलेला भाऊ. जुनं काही लिहिलेलं नाही, शिलालेख नाही. आणि बहीण असलीच तरी दोघी फार पूर्वी वेगळ्या झालेल्या असतील. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांचा एक ढोबळ हिशोब होता: शंभर मूळ शब्दांपैकी हजार वर्षांत सुमारे ८६ टिकतात. दोन भाषा आपापल्या वाटेनं गेल्या तर पाच हजार वर्षांनी दोघींत समान उरतात साधारण २२, आणि दहा हजार वर्षांनी फक्त पाच. हा वेग सगळीकडे सारखा नसतो, काही भाषा कमी झिजतात, त्यामुळे ८६ या आकड्यावर कुणी फार विसंबत नाही. पण शंभरात पाच म्हणजे तुर्कीशी योगायोगानं जुळतात तितकेच. पाच खऱ्या जोड्या आणि पाच खोट्या जोड्या कागदावर शेजारी ठेवल्या तर वेगळ्या कशा काढणार? नातं पुसलं जात नाही, त्याचा पुरावा पुसला जातो.

म्हणून 'एकाकी' या शब्दाचा अर्थ नीट घ्यायला हवा. निहालीला नातेवाईक नाहीत असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि तसं सिद्ध करता येतही नाही. आजपर्यंत कुणाशी नातं दाखवता आलेलं नाही, एवढंच.

उद्या कुणी तुम्हाला 'जोप्पो'सारखा पाण्याचा शब्द एखाद्या लांबच्या भाषेत दाखवला तर हुरळू नका. निहालीतला 'ज'नं सुरू होणारा दुसरा मूळ शब्द मागा आणि त्या भाषेतही तिथे तोच आवाज येतो का ते बघा. मग तिसरा मागा.